मोड, पनीर आणि चमचाभर तेल: एका धिरड्याचा खरा हिशेब

मोड आलेल्या मुगाचा चिला, म्हणजे आपलं धिरडंच, आत किसलेलं पनीर भरून दुमडलेलं. सकाळच्या नाश्त्याला किंवा व्यायामानंतर खायला तो हल्ली बऱ्याच घरांत होतो. त्यातून प्रथिनं किती मिळाली आणि मेद किती गेला हे मोजणारेही आता घरोघरी आहेत. मोजायला बसलं की मात्र गंमत होते. एकच धिरडं एका हिशेबात १२५ कॅलरींचं निघतं, दुसऱ्यात ३१८ कॅलरींचं. प्रथिनं एकीकडे साडेआठ ग्रॅम, दुसरीकडे जवळजवळ वीस. पीठ तेच, तवा तोच आणि खाणाराही तोच.

या दोन्ही आकड्यांत बेरीज बरोबर असते. चुकतं ते बेरजेला घेतलेलं वजन. मोड आलेला मूग, पनीर आणि तेल या तिन्हींचं वजन तीन वेगळ्या रीतीने फसवतं. सर्वांची नजर तेलावर असते, पण सर्वांत मोठी चूक मुगात होते. म्हणून एक घाणा पहिल्यापासून मोजून पाहू.

मूग कोरडाच तोलावा

चार धिरड्यांसाठी १०० ग्रॅम कोरडे हिरवे मूग घेऊ. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली भारतीय खाद्यपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले. त्यांनुसार १०० ग्रॅम अख्ख्या मुगात साधारण साडेबावीस ग्रॅम प्रथिनं, एक ग्रॅमच्या आसपास मेद, ४६ ग्रॅम पचणारी कर्बोदकं आणि १७ ग्रॅम तंतू असतात. प्रथिनं व कर्बोदकं यांच्या ग्रॅमला ४, मेदाच्या ग्रॅमला ९ आणि तंतूंच्या ग्रॅमला २ कॅलरी धरल्या तर हे मूग ३१८ कॅलरींचे होतात.

हे मूग रात्री भिजवले, सकाळी निथळून फडक्यात बांधले आणि संध्याकाळी सोडले, तर त्यांना पाऊण ते एक सेंटिमीटर मोड येतात. थंडीत याला दीड दिवसही लागतो. आता वजन केलं तर ते २३० ग्रॅमच्या आसपास भरतं. वाढलेलं सगळं वजन पाण्याचं आहे. मोड येताना दाणा श्वास घेतो आणि त्यात त्याच्या कर्बोदकांचा अगदी थोडा भाग खर्ची पडतो. प्रथिनं नव्याने तयार होत नाहीत. मोडांमुळे मूग पचायला हलका होतो, पोटात वायू धरायला लावणाऱ्या शर्करा कमी होतात, लोहाला अडवणारं फायटेट घटतं. हे फायदे खरे आहेत, पण मॅक्रोच्या हिशेबात १०० ग्रॅम कोरडे मूग मोड आल्यावरही जवळजवळ तेवढेच राहतात.

बहुतेक जण वजन करतात ते मोड आल्यानंतर. मग ॲपमध्ये ‘मोड आलेले मूग, २३० ग्रॅम’ अशी नोंद करतात. तिथे बऱ्याचदा १०० ग्रॅमला फक्त ३० कॅलरी आणि ३ ग्रॅम प्रथिनं असा आकडा येतो. हा आकडा खोटा नाही, पण तो वेगळ्याच मोडांचा आहे. चायनीज पदार्थांत घालतात ते बोटभर लांबीचे, पांढरे, पाणीदार मोड त्यात अभिप्रेत आहेत. त्यांत नव्वद टक्के पाणी असतं. आपल्या फडक्यातल्या मुगात पाणी साठ-पासष्ट टक्केच असतं, कारण दाणा अजून भरलेला असतो आणि मोड जेमतेम बाहेर आलेला असतो. या मुगाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण १३५ कॅलरी आणि साडेनऊ ग्रॅम प्रथिनं असतात.

तो ३० चा आकडा धरला तर २३० ग्रॅम मोडांचे ६९ कॅलरी आणि ७ ग्रॅम प्रथिनं होतात. खरे आहेत ३१८ आणि साडेबावीस. म्हणजे एका घाण्यात अडीचशे कॅलरी आणि पंधरा ग्रॅम प्रथिनं हिशेबातून गळतात. उलट, त्याच २३० ग्रॅमना कोरड्या मुगाचा आकडा लावला तर ७३० कॅलरी होतात. सुरुवातीला सांगितलेले दोन्ही टोकांचे आकडे असेच जन्माला येतात. वरच्या टोकाला मूग फुगवलेला असतो, तर खालच्या टोकाला मूग घटवलेला असतो आणि तेलही धरायचं राहिलेलं असतं.

यावर उपाय एकच. मूग भिजवण्याआधी तोलावेत आणि हिशेब कोरड्या वजनावरच करावा. भिजल्यावरही टणक राहिलेले गणंग दाणे काढून टाकले, तर तेवढे ग्रॅम वजा करावेत. मंडईतून पाव किलो मोड आलेले मूग आणले असतील तर कोरडं वजन कळायला मार्ग नसतो. अशा वेळी मोड एक सेंटिमीटरपर्यंत असतील तर वजनाला २.३ ने भागावं. पाव किलो मोडांचे सुमारे १०९ ग्रॅम कोरडे मूग येतात. मोड त्याहून बरेच लांब असतील किंवा मुगाला पाणी सुटलेलं असेल, तर मूग याहून कमी आहे असं समजावं. या अंदाजात दहा टक्के इकडेतिकडे होतील, पण अडीचशे कॅलरींची चूक होणार नाही.

पिठाला बेसन कशाला

मोड आलेले मूग आलं, मिरची, जिरं आणि शंभर-सव्वाशे मिलिलीटर पाण्याबरोबर रवाळ वाटले की पीठ तयार होतं. हे पीठ नुसत्या भिजवलेल्या मुगाच्या पिठापेक्षा तव्याला जास्त चिकटतं. मोड येताना दाण्यातला स्टार्च थोडा मोडतो आणि त्याच्या साखरा होतात. स्टार्च कमी झाला की पीठ बांधून धरायची ताकद घटते. साखर वाढली की धिरडं लवकर तांबूस होतं आणि तव्याला धरतं. उलथनं लावल्यावर तुकडे पडायला लागले की पुढच्या धिरड्याला हात आपोआप तेलाच्या बाटलीकडे जातो. म्हणून हा मुद्दा हिशेबातही महत्त्वाचा आहे.

दोन मोठे चमचे, म्हणजे २० ग्रॅम बेसन घातलं की पीठ सांधलं जातं. त्याने घाण्यात सुमारे ७० कॅलरी, सव्वाचार ग्रॅम प्रथिनं आणि साडेनऊ ग्रॅम कर्बोदकं वाढतात. तांदळाचं पीठ घातलं तर धिरडं कुरकुरीत होतं, पण प्रथिनं फारशी वाढत नाहीत. पीठ दहा मिनिटं मुरू द्यावं आणि आच मध्यम ठेवावी. वरची बाजू कोरडी दिसेपर्यंत आणि कडा तव्यापासून सुटेपर्यंत उलथनं लावू नये. एवढं सांभाळलं तर पीठ कमी तेलातही सुटतं.

पनीरचं पाकीट वाचावं

सारणासाठी १२० ग्रॅम पनीर, म्हणजे प्रत्येक धिरड्यात ३० ग्रॅम. त्यात बारीक चिरलेला कांदा, टोमॅटो आणि कोथिंबीर मिळून साठेक ग्रॅम.

पनीरमध्ये मेद किती, हे ठिकठिकाणी वेगळं दिलेलं आढळतं. नियम काय सांगतो ते इथे उपयोगी पडतं. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मानकानुसार साध्या पनीरमध्ये पाणी ६० टक्क्यांहून जास्त नसावं आणि पाणी वगळून जे उरतं त्यात निम्मा तरी दुधाचा मेद असावा. म्हणजे १०० ग्रॅम पनीरमध्ये किमान ४० ग्रॅम कोरडा भाग आणि त्यात किमान २० ग्रॅम मेद. साध्या पनीरसाठी १०० ग्रॅमला १४-१५ ग्रॅम मेद असा आकडा दिसला, तर तो बाजारातल्या पूर्ण मेदाच्या पनीरला लावू नये. पाकिटावरचा तक्ता हाच खरा आधार. सुट्या पनीरला पाकीट नसतं. त्याच्यासाठी १०० ग्रॅमला १८ ग्रॅम प्रथिनं, २२ ग्रॅम मेद, २ ग्रॅम कर्बोदकं आणि २८० च्या आसपास कॅलरी धराव्यात.

कमी मेदाच्या पनीरचं मानक वेगळं आहे. त्यात कोरड्या भागाच्या १५ टक्क्यांहून जास्त मेद चालत नाही. म्हणजे १०० ग्रॅमला साधारण पाच-सहा ग्रॅमच्या आत. चार धिरड्यांत असं पनीर वापरलं तर वीस ग्रॅमच्या आसपास मेद आणि १८० च्या आसपास कॅलरी कमी होतात. मात्र ते कोरडं आणि रबरासारखं लागतं आणि सारण दुमडीतून सांडतं. किसून त्यात चमचाभर दही कालवलं की ते बरं बसतं.

तेल: एका धिरड्यापुरतं मोजू नये

आता तेल. कुठलंही खाद्यतेल शंभर टक्के मेद असतं, म्हणून ग्रॅमला ९ कॅलरी. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल यांत या बाबतीत फरक नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. ५ मिलिलीटरचा मोजमापाचा चहाचा चमचा भरला तर त्यात साडेचार ग्रॅम तेल आणि ४१ कॅलरी येतात. १५ मिलिलीटरच्या मोठ्या चमच्यात पावणेचौदा ग्रॅम आणि १२३ कॅलरी. घरातला पोहे खायचा चमचा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असतो, म्हणून ‘एक चमचा तेल’ या नोंदीला काही अर्थ नाही.

अडचण अशी की धिरड्याला लागणारं तेल इतकं थोडं असतं की ते मोजताच येत नाही. घरातला वजनकाटा एक ग्रॅमपर्यंत दाखवतो. तीन ग्रॅम तेल तोलताना एक ग्रॅमची चूक झाली, तर ती तिसऱ्या हिश्श्याएवढी चूक झाली. शिवाय पहिलं धिरडं जास्त तेल घेतं, कारण कोरडा तवा आधी स्वतः तेल पितो. बिडाच्या तव्यावर हे ठळक दिसतं. दुसऱ्या-तिसऱ्या धिरड्याला थेंबभर पुरतं. एका धिरड्याचं तेल मोजून चाराने गुणलं तरी चूक, आणि चौथ्याचं मोजून गुणलं तरी चूक.

म्हणून तेल घाण्याला मोजावं. एका वाटीत तेल घ्यावं, चमचा किंवा ब्रश त्यातच ठेवावा आणि सगळ्याचं मिळून वजन करावं. चारही धिरडी होईपर्यंत त्या वाटीशिवाय दुसरं तेल वापरायचं नाही. शेवटी वाटी चमच्यासकट पुन्हा तोलावी. दोन वजनांतला फरक म्हणजे घाण्याचं तेल. तो १२ ग्रॅम आला तर काट्याची एका ग्रॅमची चूक बाराव्या हिश्श्याएवढीच उरते, आणि ती चार धिरड्यांत वाटली जाते. १२ भागिले ४, म्हणजे धिरड्याला ३ ग्रॅम आणि २७ कॅलरी.

तव्यावर उरलेलं तेल वजा करायचं का, असा प्रश्न इथे पडतो. शेवटचं धिरडं काढल्यावर तवा चकाकत असतो. त्यातलं किती तेल राहिलं हे पाहायचं असेल तर कागदी रुमाल तोलून त्याने तवा पुसावा आणि तो रुमाल पुन्हा तोलावा. इतक्या कमी तेलात तो फरक सहसा एक-दोन ग्रॅमच्या पुढे जात नाही. म्हणजे चार धिरड्यांत मिळून दहा ते अठरा कॅलरी. एवढ्यासाठी वजाबाकी करू नये, सगळं तेल पोटात गेलं असंच धरावं. कडेने सोडलेलं तेल तसंही धिरड्यातच जातं. पिठातल्या पाण्याची वाफ निघून गेली की मागे बारीक भोकं राहतात आणि तेल त्यांत उतरतं. तव्यात तेलाचं तळं साचेल इतकं तेल घालणाऱ्यांनी मात्र उरलेलं तेल वाटीत ओतून तोलायलाच हवं, नाहीतर हिशेब फार फुगेल.

कमी तेलात भागवण्याची जुनी रीत आपल्या घरांत आहेच. अर्धा कांदा सुरीला किंवा काट्याला टोचायचा, त्याची चिरलेली बाजू तेलात बुडवायची आणि तव्यावर फिरवायची. तेलाचा पातळ थर सगळीकडे सारखा बसतो. धिरड्याला एखाद्या ग्रॅममध्ये काम होतं. बाटलीतून धार सोडली तर तेच सहज सात-आठ ग्रॅमवर जातं आणि हाताला त्याचा पत्ताही लागत नाही.

बेरीज

आता सगळं एकत्र मांडू. हे आकडे चार धिरड्यांच्या पूर्ण घाण्याचे आहेत.

| घटक | प्रथिनं (ग्रॅम) | मेद (ग्रॅम) | कर्बोदकं (ग्रॅम) | कॅलरी |
|---|---|---|---|---|
| मूग, कोरडे १०० ग्रॅम | २२.५ | १.१ | ४६ | ३१८ |
| बेसन २० ग्रॅम | ४.३ | १.१ | ९.५ | ७१ |
| पनीर १२० ग्रॅम | २१.६ | २६.४ | २.४ | ३३४ |
| कांदा, टोमॅटो, कोथिंबीर | १ | ० | ५ | २७ |
| तेल १२ ग्रॅम | ० | १२ | ० | १०८ |
| एकूण | ४९.४ | ४०.६ | ६२.९ | ८५८ |

चाराने भागलं की एका धिरड्यात साधारण १२ ग्रॅम प्रथिनं, १० ग्रॅम मेद, १६ ग्रॅम कर्बोदकं आणि २१५ कॅलरी येतात. शिवाय पाच ग्रॅमच्या वर तंतू. काही ॲप तंतू कर्बोदकांतच मिळवतात. तिथे १६ ऐवजी २१ दिसलं तर घाबरू नये, ते दोन वेगळ्या पद्धतींचे आकडे आहेत.

दोन धिरड्यांच्या ताटात २५ ग्रॅम प्रथिनं झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. त्यातली निम्मी या एका नाश्त्यात येतात. निम्म्याहून थोडी जास्त प्रथिनं डाळींची आणि बाकीची जवळजवळ सगळी पनीरची. हा मेळ चांगला आहे, कारण मुगात लायसिन भरपूर असलं तरी मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडतं आणि दुधाची प्रथिनं ती उणीव भरतात.

धिरडी लहानमोठी झाली असतील तर चाराने भागणं चुकेल. अशा वेळी भाजलेली चारही धिरडी एकत्र तोलावीत, आपल्या ताटातलं धिरडं वेगळं तोलावं आणि त्या प्रमाणात ८५८ मधला वाटा काढावा. तव्यावर वजन घटतं ते पाण्याचं. त्यामुळे आकडे नेहमी घाण्याच्या कच्च्या सामानावरून काढावेत आणि शिजलेलं वजन फक्त वाटणीसाठी वापरावं.

कुठे काटकसर करावी

तक्त्यातला मेदाचा रकाना पाहिला तर एक गोष्ट उघड होते. मूग आणि बेसन मिळून दोन-सव्वादोन ग्रॅमच मेद देतात. बाकीचा सगळा पनीर आणि तेलाचा आहे, आणि त्यातही पनीरचा तेलाच्या दुपटीहून अधिक. म्हणून कॅलरी कमी करायच्या ठरवल्या की बरेच जण आधी पनीर कमी करतात. हिशेब मात्र वेगळं सांगतो.

समजा, कोणी बाटलीतून धार सोडून धिरड्याला ८ ग्रॅम तेल घालतं. मग एक धिरडं २१५ ऐवजी २६० कॅलरींचं होतं. वाटी समोर ठेवून ते तेल ३ ग्रॅमवर आणलं की ४५ कॅलरी वाचतात आणि प्रथिनांचा एक कणही जात नाही. तेवढ्याच ४५ कॅलरी पनीर काढून वाचवायच्या तर धिरड्यातलं १६ ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून जास्त पनीर काढावं लागतं आणि त्याबरोबर जवळजवळ तीन ग्रॅम प्रथिनं जातात. ३ ग्रॅमवरून कांद्याच्या फोडीने १ ग्रॅमवर आणलं तर आणखी १८ कॅलरी कमी होतात. त्यापुढे तेल खाली नेण्यात अर्थ नाही. धिरडं तव्याला चिकटतं, अर्धं तव्यावरच राहतं आणि मग मोजलेलं सगळंच वाया जातं.

काटकसरीचा क्रम यातून ठरतो. पहिल्यांदा धार बंद करून वाटीतलं मोजकं तेल घ्यावं. तरीही मेद जास्त वाटला तर पनीर कमी न करता कमी मेदाचं पनीर घ्यावं. मूग आणि बेसन यांना हात लावू नये, कारण प्रथिनं आणि तंतू मुख्यतः तिथूनच येतात.

घरच्या काट्यावर, घरच्या मुगाला लावलेला हा हिशेब पाच-दहा टक्के इकडेतिकडे होईलच. मुगाच्या जातीगणिक, पनीरच्या लॉटगणिक तेवढा फरक असतोच आणि रोजच्या खाण्यात तो चालतो. एकदा आपल्या हातच्या घाण्याचं कोरड्या मुगाचं वजन, पनीरच्या पाकिटावरचे आकडे आणि तेलाच्या वाटीतला फरक एवढ्या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवल्या, की पुढच्या वेळी पुन्हा सगळं मोजावं लागत नाही. मूग तेवढेच भिजवले आणि पनीर तेच आणलं, तर रोज बदलणारी गोष्ट तेल हीच उरते. म्हणून वाटी मात्र दर वेळी तोलावी.